कपड्यांच्या जागी रसायने : जोखीम बदलल्याचे पत्र विमा कंपनीला कसे लिहावे

आगीच्या विम्याचा दर ठरविताना विमा कंपनी जे प्रश्न विचारते, त्यांत जागेत कोणता व्यवहार चालतो हा प्रश्न सर्वांत निर्णायक असतो. विमापत्राच्या पहिल्या पानांवर जो तक्ता असतो, त्यात पत्ता, बांधकामाचा प्रकार आणि विमा रक्कम यांच्याबरोबर ‘ऑक्युपन्सी’ म्हणजे जागेचा वापर हा रकाना येतो, आणि तेथे ‘तयार कपड्यांचे दुकान’ असे लिहिले असेल, तर कंपनीने स्वीकारलेली जोखीम तेवढीच असते. त्या दुकानात पुढे रसायनांची पिंपे आली, तर भिंती, कुलूप आणि मालक तेच राहूनही विम्याच्या दृष्टीने जागा दुसरी झालेली असते. हा बदल कंपनीला कळवून सुधारित अटी मागणारे पत्र कसे लिहावे, ते कधी पोहोचावे आणि उत्तर आल्यावर त्यात काय तपासावे, हे इचलकरंजीसारख्या वस्त्रोद्योगाच्या गावातील एका कल्पित दुकानाच्या उदाहरणावरून येथे पाहिले आहे. कारण कपड्यांचा किरकोळ व्यापार बंद करून कापड प्रक्रियेसाठी लागणारी रसायने ठेवण्याकडे वळणे अशा गावात सहज घडू शकते.

प्रथम अट समजून घ्यावी लागते. भारतात अनेक वर्षे प्रचलित असलेल्या ‘स्टँडर्ड फायर अँड स्पेशल पेरिल्स’ या विमापत्राच्या सर्वसाधारण अटींतील तिसरी अट असे सांगते की, जागेतील व्यापार किंवा उत्पादन बदलले, अथवा इमारतीच्या वापराचे स्वरूप अशा रीतीने बदलले की विम्यातील धोक्यांमुळे नुकसान होण्याची शक्यता वाढावी, तर त्या बदलाने बाधित झालेल्या मालमत्तेवरील संरक्षण थांबते. मात्र नुकसान होण्यापूर्वी विमाधारकाने कंपनीची संमती मिळविली असेल आणि ती विमापत्रावरील पृष्ठांकनाने दर्शविली गेली असेल, तर ते चालू राहते. पृष्ठांकन म्हणजे मूळ विमापत्राला जोडला जाणारा, त्याच्या अटींत बदल करणारा अधिकृत कागद. विमाव्यवहारात त्याला सरसकट ‘एन्डॉर्समेंट’ म्हणतात. 1 एप्रिल 2021 पासून लहान व्यवसायांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ हे प्रमाणित विमापत्र आले असून, एका ठिकाणी एकूण 5 कोटी रुपयांपर्यंतची मालमत्ता असलेले दुकान त्याखाली येते. शिवाय दुकानदारांची संयुक्त विमापत्रेही असतात. प्रत्येकाची शब्दरचना वेगळी असल्याने पत्रात कलमाचा क्रमांक घालायचा असल्यास तो आपल्या हातातील पुस्तिकेतूनच घ्यावा, आणि वागताना मात्र वर सांगितलेली कडक अटच लागू आहे असे समजावे.

या अटीतील दोन शब्दांकडे दुकानदाराचे सहसा लक्ष जात नाही. ‘थांबते’ या शब्दाचा अर्थ असा की, कंपनीने नोटीस पाठविण्याची किंवा विमापत्र रद्द करण्याची गरज नसते. बदल घडला की संरक्षण आपोआप गळून पडते आणि हप्ता भरलेला असल्यामुळे दुकानदाराला त्याची चाहूलही लागत नाही. दुसरा शब्द ‘संमती’. पत्र पाठविणे ही विमाधारकाची एकतर्फी कृती आहे, तर संमती ही कंपनीची कृती आहे, आणि अटीला दुसरी हवी असते. सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये ‘युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध एम. के. जे. कॉर्पोरेशन’ या प्रकरणात विमा करार पूर्ण झाल्यानंतर त्याच्या अटींत महत्त्वाचा फरक परस्पर संमतीवाचून करता येत नाही, हे तत्त्व स्पष्ट केले. ते तत्त्व दोन्ही बाजूंनी लागू पडते : कंपनीला एकतर्फी अटी लादता येत नाहीत, आणि दुकानदारालाही ‘कळवले होते’ एवढ्यावर नवी जोखीम तिच्या गळ्यात घालता येत नाही. त्यामुळे हे पत्र माहितीपत्र न राहता प्रस्ताव म्हणून लिहिले पाहिजे. एजंटाने भ्रमणध्वनीवर पाठविलेले ‘चालेल’ हे उत्तर पृष्ठांकनाची जागा घेत नाही, आणि कंपनीचे मौन तर मुळीच घेत नाही.

येथून पत्राची वेळ आपोआप ठरते. विमा अधिनियम 1938 च्या कलम 64 व्हीबी नुसार हप्ता आगाऊ मिळाल्याशिवाय, अथवा त्याची विहित हमी किंवा ठेव मिळाल्याशिवाय, विमा कंपनी जोखीम स्वीकारू शकत नाही. वाढीव जोखमीसाठी वाढीव हप्ता लागणार असेल, तर तो भरला जाईपर्यंत संमतीही पूर्ण होत नाही. म्हणून क्रम असा ठेवावा लागतो की पत्र आधी, पाहणी मग, दर आणि अटींचे लेखी उत्तर त्यानंतर, हप्ता भरून पृष्ठांकन हाती आल्यावर पहिले पिंप दुकानात यावे. व्यवहारात हा क्रम उलटा होतो, कारण रसायनांचा पुरवठादार सवलतीच्या भावाने माल लगेच उचलायला सांगतो आणि विम्याचा कागद ‘नंतर पाहू’ म्हणून बाजूला राहतो.

आता उदाहरण पाहू. इचलकरंजीतील एका तळमजल्यावरील स्वमालकीच्या गाळ्याचे विमापत्र 1 एप्रिल 2025 ते 31 मार्च 2026 या काळाचे आहे. इमारत 30 लाख, मांडण्या व फर्निचर 5 लाख आणि तयार कपड्यांचा साठा 40 लाख, अशी एकूण विमा रक्कम 75 लाख रुपये आहे. दुकानदाराने कपड्यांचा माल विकून 25 ऑगस्टपासून प्रोसेस हाउसना लागणारी रसायने ठेवण्याचे ठरविले आहे. पत्र लिहिण्याआधी त्याने करावयाचे खरे काम म्हणजे प्रत्येक रसायनाचे ‘एमएसडीएस’, म्हणजे उत्पादकाने दिलेले सुरक्षा माहिती पत्रक, मागवून वाचणे. या पत्रकाचे सोळा ठरलेले विभाग असतात; विम्याच्या कामासाठी साठवणीचा सातवा, ज्वलनांक सांगणारा नववा, कोणत्या पदार्थाशी संयोग टाळावा हे सांगणारा दहावा आणि वाहतुकीतील धोक्याचा वर्ग सांगणारा चौदावा विभाग पुरेसे असतात. ज्वलनांक, ज्याला ‘फ्लॅश पॉइंट’ म्हणतात, म्हणजे ज्या किमान तापमानाला द्रवाची वाफ हवेत मिसळून ठिणगीने पेट घेऊ शकते ते तापमान.

या वाचनातून जे हाती येते, ते ‘रसायने’ या एका शब्दात मावत नाही. गावात ‘हायड्रो’ म्हणून ओळखले जाणारे सोडियम हायड्रोसल्फाइट व्हॅट रंगांच्या रंगाईत लागते. ते पेट घेण्यासाठी बाहेरच्या ठिणगीची वाट पाहत नाही, कारण ओलावा लागला की ते स्वतःच तापू लागते, विघटन होऊन सल्फर डायऑक्साइड हा गुदमरविणारा वायू सुटतो आणि शेजारचा कागद, लाकूड किंवा कापड पेटू शकते. हायड्रोजन पेरॉक्साइड स्वतः जळत नाही, पण ऑक्सिजन पुरवून दुसऱ्याचे जळणे भडकविते; हायड्रो आणि पेरॉक्साइड यांचे गुणधर्म परस्परविरोधी असल्याने दोन्ही एका मांडणीवर ठेवणे हा साठवणीतील सर्वांत गंभीर दोष ठरतो. कॉस्टिक सोडा जळत नाही, मात्र पाण्यात मिसळताना पुष्कळ उष्णता देतो. शुद्ध ॲसिटिक ॲसिडचा ज्वलनांक साधारण 39 अंश सेल्सियस, म्हणजे उन्हाळ्यात पत्र्याखालच्या गाळ्यातील हवेइतकाच असतो. पिगमेंट छपाईत वापरले जाणारे मिनरल टर्पेंटाइन, म्हणजे ‘एमटीओ’, हे पेट्रोलियम द्रव आहे.

पेट्रोलियम द्रवांच्या बाबतीत विम्याच्या जोडीला परवान्याचा प्रश्न येतो. पेट्रोलियम अधिनियम 1934 नुसार 23 अंशांखाली ज्वलनांक असलेले द्रव ‘अ’ वर्गात, तर 23 ते 65 अंशांमधील ‘ब’ वर्गात मोडतात. ‘ब’ वर्गाचा एका ठिकाणचा एकूण साठा 2,500 लिटरपर्यंत असेल आणि कोणतेही पात्र 1,000 लिटरपेक्षा मोठे नसेल, तर त्या कायद्याखाली परवाना लागत नाही. ‘अ’ वर्गासाठीची सूट मात्र विक्रीसाठी नसलेल्या 30 लिटरपर्यंतच्या साठ्यापुरती आहे. टोल्युइनचा ज्वलनांक 4 अंशांच्या आसपास असल्याने ते विक्रीसाठी ठेवायचे असल्यास परवाना घ्यावाच लागतो. या कायद्याची अंमलबजावणी पाहणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय नागपुरात आहे. उदाहरणातील दुकानदाराने म्हणूनच ‘अ’ वर्गातील काहीही न ठेवण्याचा आणि एमटीओची 200 लिटरची आठच पिंपे, म्हणजे 1,600 लिटर, ठेवण्याचा निर्णय घेतला आहे. हा निर्णय पत्रात शब्दशः आला पाहिजे, कारण जे ठेवले जाणार नाही तेही दर ठरविणाऱ्या अधिकाऱ्याला तितकेच उपयोगी पडते. महापालिका आणि अग्निशमन विभागाच्या परवानग्या वेगळ्या असून त्या मिळाल्या म्हणजे विमा चालू राहिला असे होत नाही, आणि उलटही होत नाही.

पत्र विमापत्र देणाऱ्या शाखेच्या नावे असावे. एजंटाला किंवा ब्रोकरला त्याची प्रत जावी, मूळ पत्र नव्हे. पुढील मसुदा उदाहरणातील दुकानासाठी आहे.

दिनांक : 28 जुलै 2025

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
(विमापत्र देणाऱ्या शाखेचे नाव व पत्ता)

विषय : विमापत्र क्रमांक (…), कालावधी 1 एप्रिल 2025 ते 31 मार्च 2026 : जागेच्या वापरातील बदल जाहीर करणे, त्यास संमती व सुधारित अटी मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विमापत्रात इचलकरंजी येथील गाळ्याचा वापर ‘तयार कपड्यांचे दुकान’ असा नोंदलेला आहे. कपड्यांचा व्यापार 20 ऑगस्ट 2025 रोजी बंद करण्यात येणार असून, 25 ऑगस्ट 2025 पासून त्याच जागेत कापड प्रक्रियेसाठी लागणारी रसायने व रंग यांची साठवण आणि घाऊक विक्री करण्याचे योजिले आहे. या बदलामुळे आगीची जोखीम वाढते याची पूर्ण जाणीव ठेवून हे निवेदन देण्यात येत आहे.

साठ्याची कमाल मर्यादा पुढीलप्रमाणे राहील. सोडियम हायड्रोसल्फाइट 50 किलोची 60 सीलबंद पिंपे. हायड्रोजन पेरॉक्साइड 50 टक्के, 50 किलोचे 40 कॅन. कॉस्टिक सोडा फ्लेक्स 50 किलोच्या 80 गोण्या. ॲसिटिक ॲसिड 35 किलोचे 30 कॅन. मिनरल टर्पेंटाइन 200 लिटरची 8 पिंपे. आणि कापडाचे कोरडे रंग 3,000 किलोपर्यंत. 23 अंश सेल्सियसखाली ज्वलनांक असलेला कोणताही द्रव ठेवला जाणार नाही. जागेत मिश्रण, उकळणे, भरणी किंवा सुटी विक्री होणार नाही. माल सीलबंद येईल आणि सीलबंदच जाईल. प्रत्येक पदार्थाचे सुरक्षा माहिती पत्रक सोबत जोडले आहे.

गाळा तळमजल्यावर असून भिंती विटांच्या व छत काँक्रीटचे आहे. वर निवासी वापर नाही. पूर्वेकडील शेजारी गाळ्यात सूत गोदाम व पश्चिमेकडील गाळ्यात कार्यालय आहे. हायड्रोसल्फाइट व पेरॉक्साइड यांच्या जागांमध्ये विटांची पूर्ण उंचीची भिंत बांधण्यात येत असून ती 18 ऑगस्टपर्यंत पूर्ण होईल. हायड्रोसल्फाइटची पिंपे जमिनीपासून उंच लोखंडी फळ्यांवर राहतील व त्या खोलीत नळ किंवा पाण्याची वाहिनी नाही. साठवणीच्या भागातील जुनी वायरिंग बदलण्यात येत आहे. यांपैकी जी कामे नियोजित दिनांकापर्यंत अपूर्ण राहतील, ती तशी कळविण्यात येतील.

सुधारित विमा रक्कम अशी असावी : इमारत 30 लाख, मांडण्या व फर्निचर 5 लाख, रसायने व रंगांचा साठा वर्षातील कमाल मूल्याने 25 लाख, एकूण 60 लाख रुपये. साठा बँकेकडे तारण असून बँकेसही या बदलाची प्रत देण्यात येत आहे.

तरी विनंती की, जागेची पाहणी करावी आणि 25 ऑगस्ट 2025 पासून अमलात येणाऱ्या पृष्ठांकनाने या बदलास संमती द्यावी. सुधारित दर, अतिरिक्त हप्त्याचे गणित आणि लावावयाच्या सर्व अटी व वॉरंटी यांचा मसुदा हप्ता भरण्यापूर्वी लेखी कळवावा. साठ्याच्या स्वतःच्या तापण्यामुळे किंवा स्वयंज्वलनामुळे होणारे नुकसान या विमापत्रात समाविष्ट आहे की नाही, नसल्यास ते कोणत्या हप्त्यावर समाविष्ट करता येईल, आणि पुराच्या धोक्याचे संरक्षण कायम राहील किंवा कसे, हेही स्पष्ट करावे. ही जोखीम स्वीकारणे शक्य नसल्यास तसे लेखी कळवून उर्वरित काळाच्या हप्त्याबाबत निर्णय द्यावा.

पृष्ठांकन हाती येईपर्यंत वरीलपैकी कोणतेही रसायन जागेत आणले जाणार नाही.

आपला विश्वासू,
(विमाधारकाचे नाव, स्वाक्षरी व शिक्का)

सोबत : सुरक्षा माहिती पत्रके, गाळ्याचा नकाशा, छायाचित्रे, विमापत्राची प्रत.

पत्रावर शाखेचा आवक शिक्का घ्यावा आणि तेच पत्र कंपनीच्या अधिकृत ई-मेल पत्त्यावरही पाठवावे. मसुद्यात पदार्थांची नावे शास्त्रीय आणि प्रमाणे कमाल मर्यादेत दिली आहेत, यामागे कारण आहे. ‘टेक्स्टाईल ऑक्झिलरीज’ किंवा ‘प्रक्रिया साहित्य’ असे सौम्य नाव देऊन दर कमी बसेल अशी सूचना कधी कधी मिळते. पण दाव्याच्या वेळी येणारा सर्व्हेअर, म्हणजे नुकसानीची पाहणी करून अहवाल देणारा परवानाधारक तज्ज्ञ, खरेदीची बिले आणि साठा नोंदवही पाहतो, आणि तेथे ‘हायड्रो’ लिहिलेलेच असते. ‘स्टँडर्ड फायर अँड स्पेशल पेरिल्स’ विमापत्राची पहिली अट महत्त्वाची बाब चुकीची सांगितली किंवा दडविली, तर विमा रद्द ठरविण्याचा अधिकार कंपनीला देते. गुळमुळीत पत्राने त्यामुळे एका अटीतून सुटका होण्याऐवजी दुसरीत पाय अडकतो.

पत्रातील स्वयंज्वलनाचा प्रश्न या उदाहरणात सर्वांत अधिक मोलाचा आहे. वर उल्लेखिलेल्या जुन्या प्रमाणित विमापत्रात आगीचे संरक्षण असले, तरी मालाच्या स्वतःच्या किण्वनाने, नैसर्गिक तापण्याने किंवा स्वयंज्वलनाने त्याच मालाचे झालेले नुकसान मूळ संरक्षणातून वगळलेले असून ते जादा हप्ता भरून घ्यावे लागते. पुढच्या काही विमापत्रांत ते मूळ संरक्षणातच धरलेले आढळते. कपड्यांच्या दुकानाला हा अपवाद असला काय आणि नसला काय, व्यवहारात सारखेच होते. हायड्रोच्या 3,000 किलो साठ्याला मात्र आगीचा सर्वांत संभाव्य मार्गच हा आहे. पावसाळ्यात गळके छत, फुटलेले पिंपाचे झाकण किंवा पंचगंगेच्या पुराचे गाळ्यात शिरलेले पाणी यांमुळे हायड्रो तापून पेटले, तर नुकसानीचे निकटचे कारण पूर मानायचे की स्वयंज्वलन, यावर दावा टिकेल की नाही हे ठरू शकते. वापराचा बदल मान्य करणारे पृष्ठांकन मिळाले आणि हा अपवाद तसाच राहिला, तर दुकानदाराने वाढीव हप्ता भरून नेमका हवा तोच धोका बाहेर ठेवलेला असतो.

हप्त्याचे गणित समजले, तर कंपनीचे उत्तर तपासता येते. पुढील दर केवळ रीत दाखविण्यासाठी घेतले आहेत. 2007 पासून आगीच्या विम्याचे दर मुक्त झाल्याने प्रत्यक्ष दर कंपनीगणिक आणि जागेगणिक बदलतात. कपड्यांसाठी हजारी 1 रुपया दर धरला, तर 75 लाखांवर वर्षाचा हप्ता 7,500 रुपये होतो. रसायनांसाठी हजारी 3 रुपये धरल्यास 60 लाखांवर 18,000 रुपये होतात. फरक 10,500 रुपये. 25 ऑगस्ट ते 31 मार्च हे 219 दिवस, म्हणून 365 दिवसांच्या प्रमाणात देय रक्कम 6,300 रुपये, आणि तीवर 18 टक्के वस्तू व सेवा कर 1,134 रुपये मिळून 7,434 रुपये. साठ्याची किंमत 15 लाखांनी घटली असताना हप्ता का वाढावा, हा प्रश्न दुकानदार हमखास विचारतो. त्याचे उत्तर असे की, दर मालाच्या किमतीवरून ठरत नाही; तो जागेतील व्यवहारावरून ठरतो आणि तोच दर 30 लाखांच्या इमारतीलाही लागतो. ज्या पिंपांची किंमत कपड्यांच्या तुलनेत किरकोळ आहे, तीच पिंपे सबंध इमारत घेऊन जाऊ शकतात.

पृष्ठांकन आले की फाइलला लावण्याआधी ते वाचावे. त्यात जागेच्या वापराच्या रकान्यात ‘कपड्यांचे दुकान’ हे शब्द जाऊन रसायनांच्या साठवणीचे वर्णन आले आहे का, अंमलाची तारीख 25 ऑगस्ट आहे का, आणि विमा रकमांची विभागणी पत्राप्रमाणे आहे का, हे पाहावे. केवळ विमा रक्कम 75 वरून 60 लाखांवर आणणारे आणि वापर जसाच्या तसा ठेवणारे पृष्ठांकन निघणे ही नेहमीची चूक आहे, आणि हप्त्याचा काही भाग परत मिळाल्यामुळे ती आनंदाने स्वीकारलीही जाते. जुन्या विमापत्रात धोकादायक माल ठेवला जाणार नाही अशी वॉरंटी असेल, तर ती वगळल्याचा किंवा बदलल्याचा स्पष्ट उल्लेख नव्या कागदात हवा; नाहीतर एका पानावर रसायनांना संमती आणि दुसऱ्या पानावर मनाई अशी स्थिती उरते. वॉरंटी म्हणजे विमाधारकाने तंतोतंत पाळण्याचे दिलेले वचन. त्यामुळे पिंपे जमिनीपासून ठरावीक उंचीवर ठेवण्याची किंवा साठवणीच्या खोलीत ठिणगीरोधक विद्युत उपकरणेच वापरण्याची वॉरंटी मसुद्यात आली आणि ती पाळणे तूर्त शक्य नसेल, तर सही करण्यापूर्वीच मुदत मागून घ्यावी.

माल आधीच आलेला असेल, तर पत्राचा सूर बदलतो, पण सत्य बदलत नाही. पहिले पिंप प्रत्यक्ष ज्या तारखेला आले तीच तारीख लिहावी. पत्रावर मागची तारीख टाकणे हे बिले आणि वाहतुकीच्या पावत्या यांच्यासमोर टिकत नाही. कंपनीची संमती साधारणपणे पुढच्या काळासाठीच मिळते, म्हणून मधल्या दिवसांचे संरक्षण मिळाले असे गृहीत धरू नये. अशा वेळी सर्वांत धोकादायक साठा, येथे हायड्रो, पृष्ठांकन येईपर्यंत पुरवठादाराकडे किंवा रसायनांसाठी विमा असलेल्या गोदामात हलविणे हा खर्चिक पण खरा उपाय आहे. जागेत शिल्लक राहिलेले कपडेही सुरक्षित समजू नयेत, कारण अट इमारतीच्या वापराबद्दल बोलते आणि तिच्यातील सर्व मालमत्तेला ती भिडू शकते.

बँकेकडे साठा तारण असताना विमापत्राला ‘ॲग्रीड बँक क्लॉज’ जोडलेले असते. या कलमानुसार, बँकेला ठाऊक नसताना कर्जदाराच्या कृतीने जोखीम वाढली, तरी बँकेचे हित शाबूत राहते. मात्र तिला वाढीव जोखीम कळताच तिने ती कंपनीला कळविणे आणि मागणी झाल्यास जादा हप्ता भरणे अपेक्षित असते. या संरक्षणाचा दुकानदाराला अर्थ इतकाच की, कर्जापुरती रक्कम कदाचित बँकेला मिळेल आणि त्यावरील नुकसान त्याच्या अंगावर पडेल. गाळा भाड्याचा असेल, तर घरमालकाचे इमारतीचे विमापत्र वेगळे असते आणि भाडेकरूच्या बदलाने तेही बाधित होते. त्याला लेखी कळविले नाही, तर आगीनंतर विम्याच्या दाव्याऐवजी भाडेकरूवरचा दावा उभा राहण्याची शक्यता असते. रसायनांची प्रमाणे अधिसूचित मर्यादेपलीकडे गेली, तर सार्वजनिक दायित्व विमा अधिनियम 1991 खालील सक्तीचा विमा हा आणखी वेगळा विषय ठरतो, आणि आगीचे पृष्ठांकन त्याची जागा घेत नाही.

शेवटची तपासणी मार्चअखेर करावी लागते. नूतनीकरणाच्या वेळी संगणकातून निघणाऱ्या सूचनापत्रात मूळ प्रस्तावातील वर्णन पुन्हा उतरल्याचे प्रकार घडतात, आणि मधल्या वर्षातील पृष्ठांकन त्यात हरवते. 1 एप्रिल 2026 च्या विमापत्रात वापराच्या रकान्यात पुन्हा ‘तयार कपड्यांचे दुकान’ छापून आले, तर कमी हप्त्याकडे न पाहता ते त्याच दिवशी परत करून दुरुस्त करून घ्यावे आणि सोबत 28 जुलैच्या पत्राची, त्यावरील आवक शिक्क्यासह, एक प्रत जोडावी.